शुक्रवार ते रविवार गजर बरोबर, सोमवारपासून चुकीचा: फिरत्या शिफ्टच्या स्मरणसूचना का घसरतात आणि त्या कशा बसवाव्यात

दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या माणसाच्या फोनमधील गजर दोन-तीन आठवडे बरे चालतात आणि मग एखाद्या सोमवारी अचानक दगा देतात, ही तक्रार मी चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सचे काम करताना इतक्या जणांकडून ऐकली आहे की आता कोणी फोन पुढे केला की मी आधी 'बिघाड नेमका कोणत्या वारी झाला' एवढेच विचारतो. बहुतेक वेळा त्या एका उत्तरातच निदान होते. या लेखात मी एकच प्रकरण तपशिलाने मांडणार आहे: तीन शिफ्ट, गुरुवारची साप्ताहिक सुट्टी, आणि सुट्टीनंतर म्हणजे शुक्रवारी बदलणारी शिफ्ट. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यातील बऱ्याच कारखान्यांत सुट्टी गुरुवारीच असते आणि नेमकी हीच गोष्ट कॅलेंडरच्या पचनी पडत नाही.

प्रकरण माझ्या शेजारच्या लाइनवरील एका ऑपरेटरचे आहे. तो कासारवाडीला राहतो आणि नाशिक फाट्यावर कंपनीची बस पकडतो. पहिली शिफ्ट सकाळी ७ ते दुपारी ३:३०, दुसरी ३:३० ते रात्री १२ आणि तिसरी रात्री १२ ते सकाळी ७ अशी असते. त्यांच्यासाठी बस अनुक्रमे पहाटे ५:५५, दुपारी २:२० आणि रात्री १०:५० वाजता येते. शुक्रवार, २ जानेवारी २०२६ रोजी त्याची पहिली शिफ्ट सुरू झाली. ती बुधवार, ७ जानेवारीपर्यंत चालली. गुरुवारी सुट्टी झाली, ९ तारखेच्या शुक्रवारपासून दुसरी आणि १६ तारखेच्या शुक्रवारपासून तिसरी शिफ्ट लागली, आणि २३ जानेवारीच्या शुक्रवारी तो पुन्हा पहिल्या शिफ्टवर आला. म्हणजे चक्र बरोबर २१ दिवसांचे आहे आणि त्यात गुंतागुंत काहीच दिसत नाही.

घड्याळाच्या ॲपमधील गजर वारांनुसार दर आठवड्याला वाजतो. 'तीन आठवड्यांतून एकदा' असे त्याला सांगता येत नाही. म्हणून या गड्याने कॅलेंडरमध्ये नोंद केली. शुक्रवार, २ जानेवारीच्या पहाटे ५:१५ ला 'उठणे' असे लिहिले, पुनरावृत्ती दर ३ आठवड्यांनी ठेवली आणि गुरुवार सोडून बाकीचे सहा वार निवडले. वाचताना यात चूक सापडत नाही. मीही पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला सापडली नव्हती. शुक्रवार, शनिवार आणि रविवार हे तिन्ही दिवस सूचना वेळेवर आली. सोमवारी, ५ जानेवारीला ती आलीच नाही आणि बस गेली. मंगळवारी आणि बुधवारी बायकोने उठवले. पुढे १९, २० आणि २१ जानेवारीला तो तिसऱ्या शिफ्टमध्ये मशीनपुढे उभा असताना पहाटे सव्वापाचला खिशातील फोन 'उठणे' म्हणून सांगू लागला. त्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्याने मला विचारले, "दादा, फोन बिघडलाय का माझा?"

आठवडा कोणाचा?

फोन बिघडलेला नव्हता. कॅलेंडरने दिलेला आदेश अक्षरशः पाळला होता, फक्त 'आठवडा' या शब्दाचा अर्थ दोघांनी वेगवेगळा घेतला होता. ऑपरेटरचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो. कॅलेंडरचा आठवडा सोमवारी किंवा रविवारी सुरू होतो आणि 'दर ३ आठवड्यांनी' हे गणित तो स्वतःच्या आठवड्यावरच करतो. सोमवारी सुरू होणाऱ्या आठवड्यात २ जानेवारीची नोंद २९ डिसेंबर ते ४ जानेवारी या आठवड्यात पडते. त्या आठवड्यातील निवडलेल्या वारांपैकी २, ३ आणि ४ तारीख उरते, म्हणून ते तीन दिवस मिळाले. सोमवार, ५ जानेवारीला कॅलेंडरच्या लेखी नवा आठवडा लागतो आणि तो तीनातील 'मोकळा' आठवडा ठरतो. पुढचा लागू आठवडा १९ ते २५ जानेवारी असतो. त्यातील सोमवार, मंगळवार आणि बुधवार खरे तर तिसऱ्या शिफ्टचे असतात, पण कॅलेंडर तिथे पहिल्या शिफ्टची सूचना लावून मोकळे होते.

ज्यांच्या कॅलेंडरमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो, त्यांना हाच बिघाड एक दिवस आधी दिसतो. त्यांच्याकडे रविवार, ४ जानेवारीही गळते आणि चुकीचा गजर रविवार, १८ जानेवारीपासूनच वाजू लागतो. दोन मित्रांनी एकसारखी नोंद करूनही एकाची सूचना रविवारी आणि दुसऱ्याची सोमवारी चुकते, ती यामुळेच. आमच्याकडे यावरून 'तुझा फोन स्वस्त, माझा चांगला' असा वादही झाला होता.

कॅलेंडरच्या फायलींसाठी जे सर्वमान्य प्रमाण आहे, त्यात आठवडा कोणत्या वारी सुरू धरायचा हे सांगण्यासाठी `WKST` नावाचा स्वतंत्र घटक दिलेला आहे आणि तो लिहिला नसेल तर सोमवार गृहीत धरला जातो. तिथे शुक्रवार लिहिला की कागदावर प्रश्न सुटतो. मात्र फोनच्या साध्या पडद्यावर ही निवड हाती नसते आणि फाइल आयात करताना प्रत्येक ॲप तो घटक तितक्याच इमानाने पाळील यावर मी भरवसा ठेवत नाही. त्याऐवजी ज्या रचनेत आठवडा कुठे सुरू होतो हा प्रश्नच उद्भवत नाही, ती निवडावी. एका नोंदीत एकच वार ठेवला, म्हणजे 'दर ३ आठवड्यांनी, फक्त सोमवारी' असे लिहिले, तर आठवड्याची सुरुवात कुठेही धरली तरी पुढची तारीख बरोबर २१ दिवसांनीच येते.

ज्यांना फक्त बसची एकच सूचना हवी आहे, त्यांनी एवढेच करावे. सहा वार आणि तीन शिफ्ट मिळून अठरा नोंदी होतात. त्या एकदा नीट भरायला अर्धा तास लागतो आणि त्या चुकत नाहीत. भरून झाल्यावर महिन्याचे दृश्य उघडून शिफ्ट बदलणाऱ्या शुक्रवारच्या आधीचा बुधवार आणि नंतरचा सोमवार एवढे दोन दिवस तपासले तरी पुरेसे आहे, कारण चूक असेल तर ती याच दोन दिवशी दिसते.

रात्री बाराची शिफ्ट कोणत्या तारखेची?

तिसऱ्या शिफ्टमध्ये आणखी एक चूक दडलेली असते आणि ती पहिलीइतकीच वेळा सापडते. हजेरीवर 'शुक्रवारची तिसरी' असे लिहिलेले असते, पण ती रात्री १२ ला म्हणजे कॅलेंडरनुसार शनिवारी सुरू होते. आमच्या ऑपरेटरने १६ जानेवारीच्या शुक्रवारी, १२:०० वाजता, अशी नोंद करून सत्तर मिनिटे आधी सूचना मागितली. शुक्रवारचे १२:०० म्हणजे गुरुवारची मध्यरात्र. परिणामी सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी रात्री १०:५० ला, बसची सूचना आली आणि बुधवार, २१ तारखेच्या शेवटच्या रात्री आली नाही. पहिल्या रात्रीच्या आधी एक सूचना जास्त आणि शेवटच्या रात्री एक कमी, अशी जोडी दिसली की कारण हेच असते.

यावर उपाय असा की सूचना शिफ्टच्या सुरुवातीला बांधूच नये. ती घरातून निघण्याच्या वेळेला बांधावी. निघण्याची वेळ, रात्री १०:३५, ही हजेरीच्याच तारखेला येते आणि मध्यरात्रीचा घोळ आपोआप टळतो. ज्यांची रात्रपाळी १०:३० ला सुरू होते त्यांना हा त्रास होत नाही. मात्र त्यांनी 'शिफ्ट सुटल्यावर' ची सूचना हजेरीच्या तारखेला लावली तर तीच चूक दुसऱ्या टोकाला होते.

उतरता गुरुवार

तारखा बरोबर बसल्यानंतर जो दिवस उघडा पडला, त्याचा विचार आम्ही सुरुवातीला केलाच नव्हता. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यातील शेवटची ड्युटी बुधवारची असते आणि ती गुरुवारी सकाळी ७ ला संपते. पुढची पहिली शिफ्ट शुक्रवारी सकाळी ७ ला लागते. कागदावर मध्ये एक पूर्ण सुट्टी दिसते, प्रत्यक्षात मात्र सुटण्यापासून पुन्हा लागण्यापर्यंत चोवीसच तास असतात आणि त्यात बसचे दोन्ही प्रवास, झोप आणि रात्रीचा दिवस करून बसलेल्या शरीराला पुन्हा पहाटे उठवण्याची तयारी हे सर्व बसवायचे असते. माणूस साडेआठला घरी येऊन झोपतो, चार वाजेपर्यंत झोपतो, मग रात्री बारापर्यंत त्याला झोप लागत नाही आणि ५:१५ चा गजर तो बंद करून पुन्हा आडवा होतो. ही चूक गजराची नाही, पण ती गजराच्याच नावावर जमा होते.

म्हणून या गुरुवारला आम्ही साध्या सुट्टीपासून वेगळे नाव दिले: 'उतरती'. त्या दिवशी दोनच सूचना असतात. दुपारी १२:३० ला उठणे आणि रात्री ८:३० ला झोपण्याची तयारी. दुपारची झोप अपुरी वाटते, चिडचिडही होते, परंतु रात्री नऊच्या सुमारास झोप लागण्याची शक्यता त्यामुळेच निर्माण होते. पहिली, मग दुसरी, मग तिसरी हा क्रम त्यातल्या त्यात बरा आहे, कारण प्रत्येक बदलात उठण्याची वेळ पुढे सरकते आणि झोप पुढे ढकलणे शरीराला मागे ओढण्यापेक्षा सोपे जाते. अवघड सांधा फक्त हा एक उरतो. जिथे क्रम उलटा आहे, तिथे असे सांधे जास्त येतात आणि प्रत्येकासाठी असा वेगळा दिवस नेमावा लागतो.

कोष्टकातून सूचना

अठरा नोंदींची रचना एका गोष्टीपुढे हतबल होते, ती म्हणजे अदलाबदल. कोणाच्या घरी लग्न असते, कोणी आजारी पडते, सुपरवायझर सांगतो, "उद्या सेकंडला ये." अशा वेळी पुनरावृत्तीची एक नोंद उचलून हलवली की मूळ मालिकेत भोक पडते आणि महिन्याभरात कोणती नोंद खरी हे आपल्यालाच कळेनासे होते. म्हणून मी पुनरावृत्ती पूर्णपणे सोडून दिली. गूगल शीट्समध्ये वर्षभराच्या तारखांचे एक कोष्टक ठेवले आणि त्यावरून पुढच्या तीन आठवड्यांच्या सुट्या सुट्या नोंदी कॅलेंडरमध्ये टाकणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली.

कोष्टकाच्या स्तंभ A मध्ये तारखा असतात, A2 मधील २ जानेवारीपासून खाली ३६५ ओळी. F1 या खान्यात चक्राची मूळ तारीख, म्हणजे पहिल्या शिफ्टचा शुक्रवार, २ जानेवारी २०२६, लिहावी. स्तंभ B मध्ये गणिताने येणारी शिफ्ट असते:

```
=IF(WEEKDAY(A2)=5,"सुट्टी",CHOOSE(MOD(INT((A2-$F$1)/7),3)+1,"पहिली","दुसरी","तिसरी"))
```

येथे रविवार १ धरल्यामुळे गुरुवार ५ येतो. मूळ तारखेपासून गेलेल्या दिवसांना सातने भागून आपला स्वतःचा, शुक्रवारी सुरू होणारा आठवडा मोजला जातो, त्यामुळे कॅलेंडरच्या आठवड्याचा संबंधच उरत नाही. स्तंभ C रिकामा ठेवावा. हाताने करायचे बदल फक्त तिथे लिहायचे. स्तंभ D मध्ये अंतिम शिफ्ट येते:

```
=IF(C2<>"",C2,IF(AND(B2="सुट्टी",D1="तिसरी"),"उतरती",B2))
```

दोन्ही सूत्रे शेवटच्या ओळीपर्यंत ओढावीत. तारखांच्या स्तंभात `TODAY()` वापरण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. रोज तारखा एक ओळ वर सरकतात, C मध्ये हाताने लिहिलेले बदल मात्र जागच्या जागी राहतात आणि सोमवारची अदलाबदल मंगळवारी जाऊन चिकटते. मी स्वतः पहिल्या आठवड्यात हेच केले होते.

आता कॅलेंडरमध्ये 'शिफ्ट' या नावाचे स्वतंत्र कॅलेंडर तयार करावे. ('पाळी' हे नाव देऊ नये, हा अनुभवाचा सल्ला आहे. एका सहकाऱ्याने ते कॅलेंडर घरच्यांना दाखवले आणि सूचना पाहून त्याच्या बहिणीने आधी डोळे वटारले, मग पोट धरून हसली.) कॅलेंडर स्वतंत्रच हवे, कारण स्क्रिप्ट दर वेळी त्यातील पुढच्या तीन आठवड्यांच्या जुन्या नोंदी पुसते आणि नव्या लिहिते. वाढदिवस आणि डॉक्टरांच्या भेटी त्याच कॅलेंडरमध्ये असतील तर त्याही पुसल्या जातील. शीटमधील `Extensions` मधून `Apps Script` उघडून पुढील मजकूर ठेवावा. वेळा त्या तारखेच्या मध्यरात्रीपासून मोजलेल्या मिनिटांत आहेत, म्हणजे ३१५ म्हणजे पहाटे ५:१५ आणि १३५५ म्हणजे रात्री १०:३५.

```
function shift() {
  const kal = CalendarApp.getCalendarsByName('शिफ्ट')[0];
  const vel = {
    'पहिली': [['उठणे', 315], ['निघणे', 340]],
    'दुसरी': [['उठणे', 510], ['निघणे', 845]],
    'तिसरी': [['उठणे', 900], ['निघणे', 1355]],
    'उतरती': [['उठणे', 750], ['झोपणे', 1230]]
  };
  const aaj = new Date(); aaj.setHours(0, 0, 0, 0);
  const shevat = new Date(aaj.getTime() + 21 * 86400000);
  kal.getEvents(aaj, shevat).forEach(e => e.deleteEvent());
  const oli = SpreadsheetApp.getActive().getSheets()[0]
    .getRange('A2:D366').getValues();
  oli.forEach(r => {
    if (r[0] < aaj || r[0] >= shevat || !vel[r[3]]) return;
    vel[r[3]].forEach(v => {
      const t = new Date(r[0].getTime() + v[1] * 60000);
      kal.createEvent(v[0], t, new Date(t.getTime() + 600000))
        .addPopupReminder(10);
    });
  });
}
```

पहिल्यांदा चालवताना परवानगी मागितली जाते, ती द्यावी. नंतर स्क्रिप्टच्या `Triggers` मध्ये हे काम दर गुरुवारी दुपारी आपोआप व्हावे असे नेमावे. C मध्ये काही बदल केला तर मात्र गुरुवारची वाट न पाहता स्क्रिप्ट लगेच एकदा चालवावी. सर्व नोंदी काही तासांनी पुढे-मागे सरकलेल्या दिसल्या तर सूत्रांत चूक शोधत बसू नये. शीट आणि स्क्रिप्ट या दोन्हींच्या सेटिंगमधील कालक्षेत्र वेगवेगळे असते तेव्हा असे होते आणि दोन्हीकडे कोलकाता निवडले की ते जागेवर येते. नोंदी संगणकावर दिसतात पण फोनवर नाहीत, असे झाले तर फोनच्या कॅलेंडर ॲपमध्ये या नव्या कॅलेंडरचे सिंक सुरू आहे का ते पाहावे.

उदाहरण म्हणून गणपतीचा आठवडा घेऊ. २०२६ मध्ये अनंत चतुर्दशी शुक्रवार, २५ सप्टेंबरला आहे. समजा, व्यवस्थापनाने गुरुवारची सुट्टी त्या शुक्रवारी दिली आणि गुरुवार भरून घेतला. कोष्टकानुसार १८ ते २३ सप्टेंबर दुसरी शिफ्ट आहे, २४ ला सुट्टी आणि २५ पासून तिसरी. आपल्याला फक्त दोन खाने लिहायचे आहेत: २४ तारखेपुढे C मध्ये 'दुसरी' आणि २५ तारखेपुढे 'सुट्टी'. तिसरी मग शनिवार, २६ पासून लागते आणि पुढचे चक्र तसूभरही हलत नाही.

चक्रच हलण्याचा प्रसंग वेगळा असतो. दिवाळीत कारखाना आठवडाभर बंद राहतो आणि उघडल्यावर जी शिफ्ट राहिली होती तिच्यापासूनच मोजणी पुढे सुरू होते. कोष्टक मात्र तो बंद आठवडाही मोजते. ओळखण्याची खूण अशी की एका ठरावीक तारखेपासून पुढचा प्रत्येक दिवस चुकतो आणि चूक नेहमी एकाच शिफ्टची असते. अशा वेळी C मध्ये महिनाभर हाताने लिहीत बसू नये. F1 मधील मूळ तारीख ७ दिवस पुढे करावी, म्हणजे ९ जानेवारी लिहावी, आणि स्क्रिप्ट चालवावी. मागच्या महिन्यांतील ओळी यामुळे बदललेल्या दिसतात, पण त्या होऊन गेलेल्या आहेत. ज्यांना ओव्हरटाइमच्या हिशेबासाठी त्या जपायच्या आहेत, त्यांनी आधी D च्या जुन्या ओळींची नुसती मूल्ये दुसऱ्या शीटवर चिकटवून ठेवावीत.

सूचना आली, पण ऐकू आली नाही

कॅलेंडरची सूचना एकदा टिंग करून गप्प बसते. 'निघणे' साठी ती पुरते, कारण माणूस जागा असतो. 'उठणे' साठी ती पुरत नाही. त्यातही तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात दिवसा झोपताना आपण फोन 'व्यत्यय नको' वर टाकतो आणि तो सेटिंगनुसार कॅलेंडरचा आवाज दाबून टाकतो, पण गजर सहसा जाऊ देतो. म्हणून उठण्याच्या सूचनेला गजराचा आवाज देणे आवश्यक आहे. अँड्रॉइड फोनवर मॅक्रोड्रॉइड किंवा टास्करसारख्या ॲपमध्ये 'शिफ्ट या कॅलेंडरमधील उठणे ही नोंद सुरू झाली की आवाज वाजवा' असा नियम करता येतो. तो आवाज गाण्यांच्या नव्हे तर गजराच्या आवाजपातळीवर वाजेल, असे निवडावे.

अशा नियमाची चाचणी पाच मिनिटांनंतरची नोंद करून घेतली तर ती हमखास यशस्वी होते आणि फसवते. फोन बराच वेळ न हलता, पडदा बंद करून पडून राहिला की अँड्रॉइड मागे चालणारी ॲप निजवते. सहा तासांच्या झोपेनंतर वाजायला हवा असलेला नियम तिथे मरतो. म्हणून त्या ॲपसाठी बॅटरीची बंधने काढावीत आणि चाचणी सुट्टीच्या आदल्या रात्री फोन चार्जरला न लावता, पूर्ण रात्रभर घ्यावी. ती दोनदा उत्तीर्ण होईपर्यंत घड्याळातील साधा गजर रोज हाताने लावणे सोडू नये. माझ्या माहितीतील एका फोनवर सर्व बंधने काढूनही नियम झोपून जात असे. तिथे आम्ही हट्ट सोडला आणि दर गुरुवारी संध्याकाळी ७ ला 'गजर बदला' अशी एकच सूचना ठेवली.

औषधाची वेळ

आमचा ऑपरेटर थायरॉइडची गोळी घेतो. ती रिकाम्या पोटी, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते आणि ती त्याने सकाळी ६ च्या गजराला बांधली होती. पहिल्या शिफ्टमध्ये त्या वेळी तो बसमध्ये असे आणि घरून चहा पिऊन निघालेला असे. तिसऱ्या शिफ्टमध्ये त्या वेळी तो लाइनवर असे. अर्थात गोळी चुकायची. ही गोळी घड्याळापेक्षा रिकाम्या पोटाला बांधलेली आहे, म्हणून त्याच्या डॉक्टरांना विचारून ती 'उठणे' या नोंदीलाच जोडली. तिसऱ्यावरून पहिल्यावर येताना दोन गोळ्यांमधील अंतर बरेच कमी होते, पण थायरॉक्सिन शरीरातून फार हळू कमी होते, त्याचा निम्मा अंश उतरायला आठवडाभर लागतो, त्यामुळे काही तासांच्या फरकाने बिघडत नाही, असे डॉक्टरांनी त्याला समजावले.

हाच न्याय सरसकट लावणे मात्र धोक्याचे आहे. इन्सुलिन, फिटची औषधे आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या यांच्यात दोन मात्रांमधील तास मोजलेले असतात किंवा त्या जेवणाशी बांधलेल्या असतात. अशा औषधांच्या सूचना या कोष्टकात घालण्याआधी तीनही शिफ्टच्या उठण्याच्या, जेवणाच्या आणि झोपण्याच्या वेळा कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्याव्यात. जे औषध ठरावीक तासांनीच घ्यायचे असे ते सांगतील, त्याला घड्याळातील न बदलणारा गजर ठेवावा आणि शिफ्टच्या कॅलेंडरपासून ते दूर ठेवावे, कारण तिथे दर गुरुवारी सर्व काही पुसले जाते.

फेब्रुवारीअखेरपर्यंत या ऑपरेटरची बस एकदाच चुकली. त्या दिवशी सूचना वेळेवर आली होती. त्याने सहकाऱ्याशी शिफ्ट बदलली होती, पण C मध्ये काही लिहिले नव्हते. आता शीट त्याच्या फोनच्या पहिल्या पानावर ठेवले आहे आणि समोरच्याला 'येतो' असे सांगण्याआधी तो तो खाना भरतो.